४९८अ चा खटला मध्यस्थीने मिटवताना: करारावर सही होते, पण खटला संपतो कुठे?

नवरा-बायकोच्या वादात पोलीस तक्रार झाली, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचे कलम ४९८अ लागले, नंतर दोन्ही घरे बसून बोलली आणि तोडगा निघाला. मग पहिला प्रश्न येतो: "आता केस मागे घेतली की संपलं ना?" नाही. केस मागे घेणे फिर्यादी पत्नीच्या हातात नाही. खटला सरकार चालवते, ती त्यातली मुख्य साक्षीदार असते. मध्यस्थीच्या खोलीत दोघांनी सही केलेला कागद कितीही चांगला असला तरी त्याने फौजदारी खटला आपोआप बंद होत नाही. पैसे दिल्यावरही तारखा चालूच राहिल्या की लोक हबकतात, ते ही एक गोष्ट आधी लक्षात न घेतल्यामुळे. म्हणून हा लेख एवढ्यापुरताच आहे: ४९८अ चा गुन्हा दाखल आहे, दोघांना सन्मानाने वेगळे व्हायचे आहे, तर मध्यस्थी कुठे मागायची, करार कसा लिहायचा, कोणते न्यायालय काय बंद करू शकते आणि कशाला नकार देते.

आधी कलमे वाचा

एफआयआरची प्रत समोर घ्या आणि लावलेले प्रत्येक कलम वेगळे काढा. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहिता लागू आहे, त्यानंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता. जुन्या ४९८अ च्या जागी आता कलम ८५ आणि ८६ आहेत. त्याच्या जोडीला बहुतेकदा मारहाण, शिवीगाळ आणि धमकी, म्हणजे जुनी ३२३, ५०४, ५०६ ही कलमे असतात.

कायद्याने काही गुन्हे पक्षकारांना आपसात मिटवण्याची मुभा दिली आहे. ती यादी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. ३२३, ५०४ आणि ५०६ त्या यादीत आहेत. स्त्रीधन परत न केल्याबद्दल लावलेले ४०६ न्यायालयाच्या परवानगीने मिटते. ४९८अ मात्र महाराष्ट्रात लागू असलेल्या यादीत नाही. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हेही आपसात मिटत नाहीत, तसे त्या कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिले आहे. त्यामुळे दंडाधिकाऱ्यांसमोर दोघे हसतमुखाने उभे राहिले आणि "आमचे मिटले" म्हणाले, तरी त्यांना ४९८अ पुरता खटला तडजोडीवर बंद करता येत नाही.

लोकअदालतीचा मार्गही इथे बंद आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार, आपसात न मिटणाऱ्या गुन्ह्यांवर लोकअदालतीला अधिकारच नाही. तिथे पोटगीचे प्रकरण मिटू शकते, ४९८अ नाही. "लोकअदालतीत टाकू, निकाल लागेल" असे कोणी सांगितले, तर नेमके कोणते प्रकरण टाकणार ते विचारा.

मग अधिकार कोणाला? उच्च न्यायालयाला. जुन्या कलम ४८२ मध्ये आणि आताच्या कलम ५२८ मध्ये उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार राखलेले आहेत. २००३ मध्ये बी. एस. जोशी विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वैवाहिक वाद खरोखर मिटला असेल तर ४९८अ आपसात मिटण्याजोगा नसला तरी उच्च न्यायालय तो गुन्हा रद्द करू शकते. २०१२ मध्ये ग्यान सिंह प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच विचार पक्का केला. २०१७ मध्ये राजेश शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच, तडजोड झाल्यास जिल्हा पातळीवर खटला बंद करण्याची सोय करून पाहिली होती. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती सोय काढून घेतली आणि तडजोड झालेल्या पक्षकारांनी उच्च न्यायालयातच जावे असे स्पष्ट केले. ४९८अ आपसात मिटण्याजोगा करावा, अशी सूचना मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केली होती. माझ्या मते ती योग्य होती. आज मात्र करार लिहिताना उच्च न्यायालयाची पायरी गृहीत धरूनच लिहावा लागतो.

मध्यस्थी कुठे आणि कधी मागावी

गुन्हा दाखल होण्याआधी पोलिसांच्या महिला कक्षात किंवा भरोसा सेलमध्ये समुपदेशन होते. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वादात प्राथमिक चौकशीला मुभा दिली, पण ती साधारण १५ दिवसांत, अपवादाने सहा आठवड्यांत संपवावी असेही सांगितले. तारखांवर तारखा देऊन तक्रारदार बाईला दमवण्यासाठी ही मुभा नाही. ती "मला तडजोड नको, गुन्हा नोंदवा" म्हणाली, तर तिला समुपदेशनात अडकवून ठेवता येत नाही.

गुन्हा दाखल झाल्यावर मध्यस्थी कुठल्याही न्यायालयाकडे मागता येते: अटकपूर्व जामीन ऐकणाऱ्या सत्र न्यायालयाकडे, दंडाधिकाऱ्यांकडे, कौटुंबिक न्यायालयाकडे किंवा थेट उच्च न्यायालयाकडे. २०१३ च्या के. श्रीनिवास राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ४९८अ ऐकणाऱ्या फौजदारी न्यायालयालाही समेटाची शक्यता दिसली तर त्याने पक्षकारांना मध्यस्थीला पाठवावे. मात्र यातून त्या कलमाची धार बोथट होता कामा नये, हेही तिथेच बजावले आहे.

माझ्या पाहण्यात सर्वांत उपयोगी जागा कौटुंबिक न्यायालय, कारण घटस्फोट, पोटगी आणि मुलाचा ताबा तिथे एकाच टेबलावर येतात. जामिनाच्या टप्प्यावरची मध्यस्थी मात्र जपून करावी. तिथे नवऱ्याच्या डोक्यावर अटकेची टांगती तलवार असते, आणि त्या भीतीत कबूल केलेली रक्कम पुढे भरली जात नाही. २०२४ मध्ये सुदीप चॅटर्जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वादात अटकपूर्व जामिनाला पाळता न येण्याजोग्या अटी घालू नयेत असे सांगितले. तिथल्या पतीला पत्नीच्या सगळ्या शारीरिक आणि आर्थिक गरजा भागवण्याची अट घातली होती, ती काढून टाकण्यात आली.

न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रातली मध्यस्थी गोपनीय असते. मोती राम प्रकरणात, २०१० च्या अखेरीस, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की करार झाला तर मध्यस्थाने फक्त करार पाठवावा, आणि न झाल्यास "मध्यस्थी यशस्वी झाली नाही" एवढेच कळवावे. कोणी किती रक्कम मागितली, कोण अडून बसले, हे न्यायाधीशांपर्यंत जात नाही. त्यामुळे खोलीत मोकळेपणाने बोला. पण नवऱ्यासमोर बसायची भीती वाटत असेल, तर बाईने पहिल्याच बैठकीत वेगळ्या बैठका मागाव्यात. मध्यस्थ दोघांना वेगवेगळे भेटू शकतो आणि चांगला मध्यस्थ मारहाणीच्या प्रकरणात ते स्वतःहून करतो.

एक प्रकरण, शेवटपर्यंत

समजा, लग्न २०१९ चे, पत्नी २०२२ पासून माहेरी. २०२३ मध्ये पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात नवरा, सासू, सासरे आणि लग्न झालेली नणंद अशा चौघांवर ४९८अ, ३२३, ५०४, ५०६ आणि समान उद्देशाचे ३४ या कलमांखाली गुन्हा दाखल झाला आणि पुढे दोषारोपपत्रही गेले. पत्नीने घरगुती हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे, तर नवऱ्याने कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा. पोटगीचा अर्जही तिथेच आहे, त्यात दरमहा १२,००० रुपये अंतरिम पोटगी ठरली आणि ८ महिने थकली. चार वर्षांची मुलगी आईजवळ आहे.

म्हणजे एकाच संसाराची चार प्रकरणे, तीन ठिकाणी. करारात चारही प्रकरणे क्रमांकासह लिहावी लागतात आणि प्रत्येकापुढे ते कोण, कधी, कुठे बंद करील हे यावे लागते. "दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्धच्या सर्व केसेस मागे घेतील" असे एक वाक्य लिहून सोडलेले करार मी पाहिले आहेत. ४९८अ मागे घेताच येत नसल्याने ते वाक्य जिथे लागते तिथेच निकामी ठरते. त्याऐवजी असे लिहावे: आरोपी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करतील, पत्नी हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र देईल आणि सुनावणीला हजर राहील.

रकमेचे पाहू. पत्नीला एकरकमी १८ लाख ठरले. थकलेले ९६,००० त्यात धरले की वेगळे, हे स्पष्ट लिहिले नाही तर शेवटच्या दिवशी याच आकड्यावर सगळे अडते. इथे ते वेगळे ठरले आणि पहिल्या हप्त्याबरोबर द्यायचे ठरले. स्त्रीधनाची यादी वजनासह करारासोबत जोडली आणि दागिने मध्यस्थी केंद्रातच, दोन्ही वकिलांसमोर, पोच घेऊन परत झाले. दागिन्यांची बोलणी पुढे ढकलू नका. पैशांवर एकमत झालेली माणसे एका मंगळसूत्रावर उठून गेलेली मी पाहिली आहेत.

१८ लाखांचे तीन हप्ते ठरले, प्रत्येकी ६ लाखांचे. पहिला परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज दाखल करताना, दुसरा घटस्फोटाच्या अंतिम जबाबाच्या दिवशी, तिसरा उच्च न्यायालयात गुन्हा रद्द होताना. या क्रमामागे कारण आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खालची संमती हुकूमनामा होईपर्यंत कोणीही मागे घेऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात सांगितले आहे. सगळी रक्कम आधी दिली तर नवऱ्याला पत्नी फिरेल ही धास्ती. गुन्हा आधी रद्द झाला तर पत्नीला पैसे बुडण्याची धास्ती. म्हणून प्रत्येक पायरीला दोघांनीही थोडे द्यायचे आणि थोडे हातात ठेवायचे. आधी घटस्फोट, मग गुन्हा रद्द, हा क्रम मला सर्वांत सुरक्षित वाटतो. उच्च न्यायालयासमोर घटस्फोटाचा हुकूमनामा ठेवला की वाद खरोखर संपल्याचे दाखवायला वेगळे काही लागत नाही.

तिसरा हप्ता धनादेशाने घेऊ नका. डिमांड ड्राफ्ट सुनावणीआधी न्यायालयात जमा करावा किंवा सुनावणीत हाती द्यावा. रक्कम समोर असली की पत्नीचे प्रतिज्ञापत्रही निर्धास्त असते.

परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी कायद्यात असलेली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत अमरदीप सिंह प्रकरणापासून, म्हणजे २०१७ पासून, माफ होऊ शकते. दोघे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत असावेत, एकत्र आणण्याचे प्रयत्न फसलेले असावेत, पोटगी आणि ताबा ठरलेला असावा, आणि थांबल्याने फक्त त्रास लांबत असावा. आपल्या उदाहरणात हे सगळे आहे. पहिला अर्ज दिल्यावर आठवड्याभराने माफीचा अर्ज देता येतो, मात्र देणे न देणे न्यायाधीशांच्या विवेकावर असते.

मुलीचा भाग वेगळ्या परिच्छेदात लिहिला: तिच्या नावे ८ लाखांची मुदत ठेव, दरमहा १०,००० आणि भेटीचे दिवस. "मुलीच्या वतीने आईने सर्व हक्क सोडले आहेत" असे वाक्य नवऱ्याच्या बाजूने मसुद्यात आले, तर ते खोडा. मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा असतो, आईने दिलेल्या सहीने तो जात नाही. २०१९ च्या गणेश विरुद्ध सुधीरकुमार श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आईने मुलाच्या हक्कांवर पाणी सोडणारी करारातली अट अमान्य करून बाकीचा करार तसाच ठेवला. ताबा आणि भेटीच्या अटीही मुलाच्या हितासाठी न्यायालय नंतर बदलू शकते. कायमस्वरूपी शिक्का लावण्याची धडपड तिथे व्यर्थ आहे.

उच्च न्यायालयातली सुनावणी

अर्ज चारही आरोपींनी मिळून करावा. नणंद परगावी आहे, तिची सही राहिली, म्हणून तिघांचाच अर्ज गेला तर तिघांचा गुन्हा रद्द होतो आणि तिच्यावरचा खटला दंडाधिकाऱ्यांकडे चालू राहतो. अर्जात सरकार आणि पत्नी प्रतिवादी असतात. सोबत एफआयआर, दोषारोपपत्र, मध्यस्थीचा करार, घटस्फोटाचा हुकूमनामा आणि दिलेल्या हप्त्यांचे पुरावे जोडतात. पत्नीचे प्रतिज्ञापत्र तिच्या स्वतःच्या वकिलामार्फत यावे. नवऱ्याच्या वकिलाने तयार करून तिची नुसती सही घेतलेला कागद न्यायालयाच्या नजरेतून सुटत नाही.

न्यायमूर्ती तिला थेट विचारू शकतात: स्वखुशीने आलात का, कोणी दबाव आणला का, पैसे मिळाले का? तिने अडखळून नवऱ्याकडे पाहिले, तर प्रकरण पुढे ढकलले जाते, आणि तेच योग्य आहे. सरकारी यंत्रणेचा वेळ गेला म्हणून न्यायालय काही वेळा आरोपींना खर्चाची रक्कम भरायला सांगते, तीही आधीच धरून ठेवा.

जिथे नकार मिळतो

तडजोड झाली म्हणून काहीही रद्द होते असे नाही. ग्यान सिंह निकालातच खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गंभीर गुन्हे बाजूला काढले आहेत, कारण त्यांचा घाव एका घरापुरता राहत नाही. वैवाहिक प्रकरणांत प्रश्न येतो तो ४९८अ च्या जोडीला ३०४ब म्हणजे हुंडाबळी किंवा ३०६ म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त करणे ही कलमे असतात तेव्हा. मुलगी गेल्यावर तिच्या आईवडिलांशी केलेल्या करारावर असा खटला मिटवण्याची अपेक्षा ठेवू नये. २०२२ च्या दक्षाबेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३०६ चा गुन्हा तडजोडीवर रद्द करायला नकार दिला. लहान मुलाच्या लैंगिक छळाचा आरोप असेल तर २०२४ च्या रामजी लाल बैरवा निकालाने तोही रस्ता बंद आहे.

३०७ म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागले असेल, तर न्यायालय कलमाच्या नावावर थांबत नाही. नरिंदर सिंह प्रकरणात, २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखम कुठे आणि किती खोल, हत्यार कोणते, पुरावा काय, हे पाहावे. वैद्यकीय दाखल्यात डोक्याला खोल जखम असेल तर तडजोड टिकणे अवघड. किरकोळ खरचटले असून कलम फुगवून लावले असेल तर शक्यता आहे. सासरच्या पुरुषावर बलात्काराचा आरोप असलेली प्रकरणे अगदी अपवादाने रद्द झाली आहेत. पण त्या अपवादावर भिस्त ठेवून कोणी रक्कम देऊ नये आणि घेऊही नये.

ठरल्यानंतर बिघडते ते इथे

एका सल्ल्यापासून सावध राहा: "उच्च न्यायालयात कशाला जाता, साक्षीच्या वेळी तिला फितूर होऊ द्या, सगळे निर्दोष सुटतील." साक्ष यायला वर्षे लागतात, तोवर नवऱ्याचा पासपोर्ट, नोकरी, नणंदेची प्रत्येक तारीख अडकून राहते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पत्नीला शपथेवर खोटे बोलायला लावले जाते, आणि खोट्या साक्षीची कारवाई झाली तर ती तिच्यावर होते. खऱ्या मारहाणीला तिने "असे काही घडलेच नाही" म्हणायचे, हा तिच्यावरचा दुसरा अन्याय आहे. उच्च न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रात तक्रार खोटी होती असे म्हणावे लागत नाही. वाद मिटला आहे आणि खटला पुढे चालवायचा नाही, एवढे पुरते.

घटस्फोट आणि पैसे घेऊन पत्नी उच्च न्यायालयात यायचे टाळू लागली तर? रुची अग्रवाल प्रकरणात, २००४ मध्ये, असेच घडले होते. करारानुसार घटस्फोट घेऊन ती फौजदारी खटला चालवत राहिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने कराराचा लाभ घेतल्यावर खटला चालू ठेवणे हा प्रक्रियेचा गैरवापर मानून तो रद्द केला. म्हणून नवऱ्याने प्रत्येक हप्त्याची पोच न्यायालयाच्या नोंदीत आणून ठेवावी. उलट नवऱ्याने शेवटचा हप्ता चुकवला, तर पत्नीने प्रतिज्ञापत्र देऊच नये. आधीच दिले असेल तर रक्कम मिळाली नसल्याचे न्यायालयात सांगावे. दोघांनी करारातल्या अटी न्यायालयासमोर हमी म्हणून दिल्या असतील, तर त्या मोडणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई मागता येते. नुसत्या खासगी कागदावर ती सोय नाही. हाच फरक ओळखून करार न्यायालयाच्या नोंदीवर घ्यावा.

दोघांनी वेगळे न होता पुन्हा एकत्र राहायचे ठरवले असेल, तर मात्र घाई टाळावी. करार झाल्याच्या आठवड्यात गुन्हा रद्द करून घेतला आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा हात उगारला गेला, तर बाईला सगळे नव्याने उभे करावे लागते. काही महिने खटला तसाच ठेवून एकत्र राहावे, मध्यस्थाकडे अधूनमधून भेट ठरवावी, आणि मग रद्द करण्याचा अर्ज करावा. ज्या घरात मारहाण झाली आहे, तिथे मी बाईला याहून वेगळा सल्ला देणार नाही.

गुन्हा रद्द झाल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की ती दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात दाखल करा. नवऱ्याला परदेशी जाताना अडवण्यासाठी लुकआउट सर्क्युलर निघालेले असेल तर ते आदेशाने आपोआप हटेल असे समजू नका. ते रद्द करण्यासाठी तपासी पोलिसांकडे वेगळा लेखी अर्ज करावा लागतो, आणि परदेश प्रवासाचे तिकीट काढण्याआधी ते हटल्याची खात्री करून घ्यावी. घरगुती हिंसाचाराचा आणि पोटगीचा अर्जही त्या त्या न्यायालयात पुरसीस म्हणजे लेखी निवेदन देऊन निकाली काढून घ्या, कारण उच्च न्यायालयाच्या आदेशात त्यांचा उल्लेख नसतो आणि तिथल्या तारखा तशाच चालू राहतात.